दोन पट्ट्या, दोन कामं

गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे पेटण्याच्या आजाराचा, माणूस औषधाच्या दुकानात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा दोन पट्ट्या असतात. एक ॲलोप्युरिनॉलची, १०० किंवा ३०० मिलिग्रॅमची. दुसरी कोल्चिसिनची, अर्ध्या मिलिग्रॅमची. तिच्यातली गोळी इतकी बारीक की म्हाताऱ्या बोटांतून सुटून जमिनीवर पडली तर शोधायला घरातलं सगळं माणूसबळ लागतं. घरात दोन्हींना एकच नाव असतं, ‘युरिक ॲसिडच्या गोळ्या’. त्या एकाच डब्यात राहतात आणि बोट सुजलं की हाताला येईल ती घेतली जाते. पण दोघींचं काम अगदी वेगळं आहे. ॲलोप्युरिनॉल युरिक ॲसिड तयार होणंच कमी करते. पेटलेल्या सांध्याला त्या दिवशी तिचा काहीही उपयोग नाही. कोल्चिसिन पेटलेला सांधा शांत करते. युरिक ॲसिडचा आकडा तिच्यामुळे तसूभरही खाली येत नाही.

मी तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान चालवतो. चिठ्ठी लिहिणं हे डॉक्टरांचं काम आणि ते त्यांचंच राहावं. पण चिठ्ठी लिहिल्यानंतर तिचं घरी काय होतं, कोणती गोळी कधी बंद झाली, कोणती पुन्हा कधी सुरू झाली, हे काउंटरवर फार स्पष्ट दिसतं. गाऊटच्या बाबतीत जे दिसतं त्यानं मला अनेक वर्षं अस्वस्थ केलं आहे. म्हणून हा लेख, आणि तोही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल : ॲलोप्युरिनॉलचे पहिले काही महिने.

माझे शाळेतले एक गुरुजी आहेत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, वय चौसष्टच्या पुढे. अंगानं थोडे स्थूल, ब्लडप्रेशरची गोळी चालू. त्यांना पहिला झटका आला तो नेहमीसारखाच, मध्यरात्री, उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. सांधा लालभडक, चकचकीत, वरून चादर ओढली तरी जीव जाईल असं दुखणं. मुलाकडे गेले होते, तिथल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ९.२ निघालं. दुखण्याचं इंजेक्शन मिळालं आणि त्याच चिठ्ठीवर ॲलोप्युरिनॉल ३०० सुरू झाली, रोज एक. सोबत कोल्चिसिन नाही, आणि पुढे काय होऊ शकतं याबद्दल एक शब्द नाही.

अंगठा आठवड्यात उतरला. दुसऱ्या आठवड्यात डावा गुडघा धरला आणि पाठोपाठ घोटा. गुरुजींनी जे अनुमान काढलं ते कुणीही काढलं असतं : गोळी सुरू केली आणि दुखणं वाढलं, म्हणजे गोळी बाधली. त्यांनी ती बंद केली. उरलेली पट्टी टेबलाच्या खणात राहिली. नंतर जेव्हा जेव्हा सांधा दुखला तेव्हा त्यांनी त्याच पट्टीतली गोळी दोन-तीन दिवस घेतली आणि बरं वाटलं की सोडली. पट्टी संपली तेव्हा ते माझ्याकडे आले. म्हणाले, “अरे, ती तीनशेची दे चार गोळ्या. कालपासून घोटा धरलाय.”

मी त्यांना आत बसवलं. औषध दिलं नाही. त्या दिवशी जे बोललो ते इथे नीट मांडतो.

रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ पर्यंत विरघळून राहू शकतं. त्याच्या वर गेलं की जास्तीचं युरिक ॲसिड सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात सांध्यांत बसू लागतं. पायाचा अंगठा शरीराच्या मधल्या भागापेक्षा गार असतो आणि गारव्यात ते लवकर साचतं, म्हणून सुरुवात बहुतेक तिथून होते. हे साचणं वर्षानुवर्षं चालतं आणि ते दुखत नाही. दुखतं तेव्हा, जेव्हा त्यातले काही स्फटिक सुटून सांध्याच्या पाण्यात येतात आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी परका शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतात.

आता ॲलोप्युरिनॉल सुरू केली. रक्तातलं युरिक ॲसिड उतरलं. रक्तात जागा झाली, तसे सांध्यातले जुने साठे विरघळायला लागले. जुन्या मातीच्या भिंतीवर पावसाची झड लागली की ती भिंत लगेच विरघळून जात नाही. आधी तिचे पोपडे सुटून पडतात. साठ्यांचंही तसंच होतं. कडा मोकळ्या होतात, स्फटिक सुटतात आणि सांधा पेटतो. पातळी जितकी झपाट्यानं खाली आणाल तितके पोपडे जास्त. गुरुजींच्या गुडघ्याचं आणि घोट्याचं हेच झालं होतं. गोळी काम करू लागली होती. फक्त ती एकदम मोठ्या ताकदीनं सुरू झाली होती आणि पडणाऱ्या पोपड्यांची सोय कुणी केलेली नव्हती.

आणि गोळी बंद केल्यानं काय झालं? पातळी पुन्हा वर गेली, साठे पुन्हा बसू लागले. पुढच्या दुखण्यात ३०० ची गोळी दोन दिवस घेतली की पातळी पुन्हा हलली. असं खाली-वर हलवत राहणं हेच सांध्याला भडकवण्याचं एक कारण आहे. दर वेळी ‘बरं वाटलं’ ते सोबत घेतलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीनं, किंवा निव्वळ दिवस गेल्यानं. गाऊटचा झटका आठ-दहा दिवसांत बहुधा आपोआपही ओसरतो. श्रेय मात्र चुकीच्या पट्टीला मिळत राहिलं.

कमी मात्रेपासून सुरुवात करायची याला दोन कारणं आहेत. पहिलं हे पोपड्यांचं. दुसरं जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल काउंटरवर जवळजवळ कधीच बोललं जात नाही. फार थोड्या लोकांना ॲलोप्युरिनॉलची तीव्र रिॲक्शन येते. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, लिव्हर आणि किडनीला सूज. कातडी सोलवटण्यापर्यंत मजल जाते आणि माणूस दगावूही शकतो. ही रिॲक्शन बहुतांशी पहिल्या दोन महिन्यांत येते, आणि सुरुवातीची मात्रा जितकी मोठी तितका धोका जास्त, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. किडनी मंद असेल तर आणखी. कारण शरीरात ॲलोप्युरिनॉलचं ऑक्सिप्युरिनॉल होतं, खरं काम तेच करतं, आणि ते बाहेर पडतं किडनीवाटे. किडनी मंद तर ते साचत राहतं. म्हणून अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं २०२० च्या मार्गदर्शनात सरळ सांगितलं आहे : सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि किडनीचा आजार असेल तर आणखी कमी. हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकी-अमेरिकन लोकांत गोळी सुरू करण्याआधी एक जनुकीय तपासणी करावी असंही त्यात आहे, कारण त्यांच्यात या रिॲक्शनशी जोडलेलं एक जनुक जास्त आढळतं.

गुरुजींना मी आमच्याच गावातल्या एका फिजिशियन बाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी झटका शांत केला. मग रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.५ निघालं, म्हणजे या वयात किडनीची गाळण्याची क्षमता पन्नासच्या आसपास, निम्म्यावर आलेली. इतकी वर्षं दुखलं की डायक्लोफेनॅक, हा शिरस्ता त्यांनी त्याच दिवशी बंद केला. दुखण्याच्या गोळ्या अशा किडनीला आणखी मारतात. शिवाय त्यांनी ब्लडप्रेशरची पट्टी मागवून घेतली. तिच्या नावापुढे ‘एच’ होतं. नावापुढे ‘एच’ किंवा ‘एचसीटी’ असलेल्या बीपीच्या गोळ्यांत बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, आणि ते युरिक ॲसिड वाढवतं. बाईंनी ती बदलून लोसार्टनवाली दिली, जी उलट थोडं युरिक ॲसिड उतरवते. एक अक्षर गेलं, पण आकडा जवळपास अर्ध्या अंकानं हलला. बीपीची गोळी अशी स्वतःच्या मनानं मात्र कुणी बदलू नये. काहींना तिची हृदयासाठी गरज असते.

मग नवीन चिठ्ठी आली. ॲलोप्युरिनॉल १०० ची अर्धी गोळी, म्हणजे ५० मिलिग्रॅम, रोज जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. कोल्चिसिन अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, रोज रात्री. गुरुजींनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघत राहिले. “पूर्वी तीनशे होती. आता पन्नास? आणि बोट तर आता दुखतही नाही, मग ही दुसरी कशाला?”

या दुसरीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिचा हा उपयोग लोकांना माहीतच नसतो. कोल्चिसिन म्हणजे झटका आला की घ्यायची गोळी, एवढंच ठाऊक असतं. पण ॲलोप्युरिनॉल सुरू करताना ती रोज, थोडी, न दुखताही घ्यायची असते. पोपडे पडणार हे ठरलेलं आहे. ते पडताना पांढऱ्या पेशींनी धिंगाणा घालू नये यासाठी ही राखण. कोल्चिसिन पेशीच्या आतल्या ज्या बारीक नळ्यांच्या आधारानं पेशी हलते, त्या नळ्याच जुळू देत नाही. पांढरी पेशी सांध्याकडे धावूच शकत नाही. ही राखण साधारण तीन ते सहा महिने ठेवतात, झटके चालूच राहिले तर आणखी.

हे औषध फार जुनं आहे. युरोपात कोल्चिकम नावाच्या कंदातून ते मिळालं आणि १८२० साली पेलेतिए आणि काव्हान्तू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. आपल्याकडे तेच द्रव्य कळलावीत आहे. श्रावणात कुंपणावर, रानाच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. तमिळनाडूत तिची शेती होते, बियांसाठी, आणि त्या बियांतून कोल्चिसिन काढतात. कळलावीचा कंद विषारी म्हणून आपल्या आज्यांना ठाऊक होता, आणि ते विष हेच. पट्टीतली गोळी आणि तो कंद यांच्यात फरक आहे तो निव्वळ मात्रेचा, आणि या औषधात उपचाराची मात्रा आणि विषाची मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. ज्या नळ्या पांढऱ्या पेशीला लागतात त्याच आतड्याच्या अस्तराला आणि हाडांच्या मगजालाही लागतात, कारण तिथल्या पेशी सतत वाढत असतात. म्हणून जास्त झाली की पहिली खूण जुलाब आणि उलट्या. त्याच्यापुढे गेलं तर रक्तातल्या पेशी घटतात, किडनी-लिव्हर कोसळतात. यावर उतारा नाही. घरात नातवंडं असतील तर ही पट्टी कपाटात कुलपाआड ठेवा, उशाच्या डब्यात नको, असं मी प्रत्येकाला बजावतो. बारीक पांढऱ्या गोळीचा मोह मुलांना लवकर पडतो.

जुनी पद्धत अशी होती की झटका आला की दर तासाला एक कोल्चिसिन, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत. आजही काही जुन्या चिठ्ठ्यांवर हे दिसतं, आणि घरोघरी तर ते तोंडपाठ आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे तपासलं गेलं. एका गटाला पहिल्या तासाभरात मिळून १.८ मिलिग्रॅम, दुसऱ्या गटाला सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम. आराम दोघांना सारखाच. जुलाब मात्र जास्त मात्रेच्या गटात शंभरातल्या सुमारे ७७ जणांना आणि कमी मात्रेच्या गटात सुमारे २३ जणांना. तेव्हापासून रीत बदलली. आपल्याकडच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत सांगायचं तर, झटक्याची पहिली चाहूल लागताच, शक्यतो बारा तासांच्या आत, दोन गोळ्या, तासाभरानं आणखी एक, आणि त्या दिवसापुरतं बस. किडनी मंद असेल तर ही मात्राही डॉक्टरांनीच ठरवायची.

गुरुजींच्या चिठ्ठीमागे बाईंनी हे पेननं लिहून दिलं होतं, आणि ते लिहिलेलं कामी आलं. तिसऱ्या आठवड्यात घोटा पुन्हा गरम झाला. आधीच्यासारखा जोरात नाही. चालता येत होतं, पण चप्पल घट्ट वाटत होती. त्यांनी मला फोन केला. आवाजात राग होता. “पुन्हा तेच! बंद करू का ॲलोप्युरिनॉल?” मी म्हटलं, “गुरुजी, ॲलोप्युरिनॉलला हात लावू नका. ती जशी आहे तशीच चालू. चिठ्ठी उलटी करा.” त्यांनी दोन कोल्चिसिन घेतल्या, तासानं एक, रात्रीची नेहमीची मात्र बारा तास उलटल्यावर. बाईंना मी लगेच कळवलं. तिसऱ्या दिवशी घोटा उतरला आणि ॲलोप्युरिनॉलमध्ये एका दिवसाचाही खंड पडला नाही.

या फोनवर मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि तो मी प्रत्येक वेळी विचारतो : अंगावर काही उठलंय का? खाज, लाल ठिपके, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, चेहऱ्यावर सूज? सांधा भडकला तर गोळी चालू ठेवायची. पण अंगावर पुरळ उठलं तर ॲलोप्युरिनॉल त्याच क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पुरळ बसल्यावर आपल्या मनानं पुन्हा सुरू करायची नाही. बहुतेक पुरळ साधं निघतं. पण कोणतं साधं आणि कोणतं नाही हे घरी बसून ठरत नाही. लोक नेमकं उलटं करतात. घोटा दुखला की गोळी फेकतात, आणि पुरळ उठलं की घामोळं समजून पावडर लावतात आणि गोळी चालू ठेवतात. माझ्या सगळ्या काळजीचं मूळ या उलटेपणात आहे.

पुढचे महिने संथपणे गेले. दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, सोबत लिव्हर आणि रक्तपेशी, आणि सगळं ठीक असेल तर ॲलोप्युरिनॉल ५० नं वाढवायची. पन्नासवर आकडा ८.३ होता. शंभरवर ७.६. इथे कित्येकांची गाडी थांबते. शंभरची गोळी लागू झाली, महिन्याला पट्ट्या नेल्या जातात, आकडा सातच्या वर तसाच, आणि वर्षाला तीन-चार झटके चालूच. हे कमी मात्रेपासून सुरुवात करण्याचं तत्त्व नव्हे, हे अर्ध्या वाटेत थांबणं आहे. पूर्वी असं शिकवलं जायचं की किडनी मंद असेल तर शंभर-दोनशेच्या वर जाऊच नये. आता तसं मानत नाहीत. सुरुवात कमी, चाल संथ, पण पोचायचं ते ६ च्या खाली. त्यासाठी जी मात्रा लागेल ती, तपासण्या ठेवून. गुरुजींचा आकडा दोनशेवर ६.४ झाला आणि तीनशेवर ५.६. जी तीनशे पहिल्या दिवसापासून घेऊन त्यांना पेलली नव्हती, तीच तीनशे त्यांना सहा महिन्यांनी काहीही न होता लागू पडली.

मात्रा वाढत असताना माझ्या बाजूनं एक काळजी घ्यावी लागते, तीही सांगतो. लोक पट्टी कापून मागतात. दहा गोळ्यांचे पैसे नसतात, किंवा ‘आधी चार घेऊन बघतो’ असं असतं. कात्रीनं चार गोळ्या कापल्या की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मिलिग्रॅमचा आकडा दुसऱ्यावर. मुदतीची तारीख तर बहुधा दुकानातच राहते. ॲलोप्युरिनॉलची १०० आणि ३०० ची गोळी घरच्या डब्यात एकमेकींच्या शेजारी पडली, दोन्ही पांढऱ्या, तर रात्री चष्मा न लावता कोण ओळखणार? म्हणून मात्रा बदलली की मी गुरुजींना जुन्या शिल्लक गोळ्या आणायला सांगायचो आणि कापलेला तुकडा दिलाच तर पाकिटावर नाव, मिलिग्रॅम, तारीख आणि ‘रोजची’ किंवा ‘दुखल्यावरची’ असं ठळक लिहायचो. कोल्चिसिनच्या पाकिटावर अजूनही लाल पेननं लिहितो.

चौथ्या महिन्यात एक प्रसंग झाला, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. थंडीत गुरुजींना खोकला झाला, छातीत कफ भरला. बाई गावाला गेल्या होत्या म्हणून त्यांनी दुसरीकडे दाखवलं. चिठ्ठी घेऊन आले, तीवर क्लॅरिथ्रोमायसिन ५००, दिवसातून दोनदा. लिहिणाऱ्याला गुरुजींनी बीपीची गोळी सांगितली होती, युरिक ॲसिडची सांगितली होती, पण रात्रीची ती बारीक गोळी त्यांना औषध वाटतच नव्हती. क्लॅरिथ्रोमायसिन हे ज्या वाटेनं कोल्चिसिन शरीरातून बाहेर पडते ती वाट अडवतं. रोजची साधी अर्धा मिलिग्रॅम रक्तात साचत जाते आणि चार दिवसांत विषाच्या मात्रेला पोचू शकते. किडनी मंद असलेल्या माणसांत या जोडीनं मृत्यू झालेले आहेत. मी लगेच त्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अँटिबायोटिक बदललं. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या, हृदयाच्या व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, या सगळ्या याच वाटेवर उभ्या राहतात. आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन रोज चालू असेल, सोबत कोल्चिसिनही, आणि जिना चढताना मांड्यांत बळ वाटेना झालं, तर ते वयावर घालू नये. स्नायूंना बाधा होत असल्याची ती खूण असू शकते.

ॲलोप्युरिनॉलचीही अशी एक जोडी आहे, आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. हे औषध गाऊटसाठी शोधलेलंच नव्हतं. अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स रक्ताच्या कॅन्सरवर ६-मर्कॅप्टोप्युरिन नावाचं औषध देत होते, आणि शरीरातलं एक एन्झाइम ते भराभर मोडून टाकत होतं. ते मोडणं थांबवावं म्हणून त्यांनी ॲलोप्युरिनॉल घेतलं. तेच एन्झाइम युरिक ॲसिडही बनवतं, हे ठाऊकच होतं, आणि रुग्णांचं युरिक ॲसिड उतरताना दिसलं. १९६६ मध्ये तिथे गाऊटसाठी त्याला परवानगी मिळाली. १९८८ मध्ये दोघांना, जेम्स ब्लॅक यांच्यासह, नोबेल मिळालं. पण मूळ गुण कुठे जातो? आजही आतड्याच्या किंवा संधिवाताच्या आजारासाठी, किंवा किडनी बदलल्यावर, ज्यांना अझाथायोप्रिन चालू आहे, त्यांना ॲलोप्युरिनॉल दिली तर अझाथायोप्रिन शरीरात साचून हाडांचा मगज बंद पाडतं, कारण अझाथायोप्रिनचं शरीरात ६-मर्कॅप्टोप्युरिनच होतं. म्हणून ॲलोप्युरिनॉलची पहिली चिठ्ठी आली की मी विचारतो, दुसरी कोणतीही गोळी, कुठल्याही डॉक्टरची, चालू आहे का? पिशवी काउंटरवर रिकामी करा.

खाण्याबद्दल थोडक्यात. गुरुजींनी तूरडाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद करून ठेवलं होतं आणि अशक्त झाले होते. भाज्या आणि डाळींतल्या प्युरिनमुळे गाऊट वाढतो असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. मटण, कलेजी, मासे, बिअर आणि गोड शीतपेयं यांनी वाढतो. त्यांना डाळ परत मिळाली, सुकट-बोंबील कमी झाले. पण पथ्यानं आकडा फार तर एक अंकानं हलतो, ९.२ चा ५.६ पथ्यानं होत नाही, हेही बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं.

आठव्या महिन्याच्या तपासणीनंतर, तीन महिने एकही झटका नसताना, कोल्चिसिन थांबली. ॲलोप्युरिनॉल राहिली. गुरुजी रिपोर्ट घेऊन दुकानात आले, ५.४ वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आता नॉर्मल आलं. ही पण सोडू?” मी म्हटलं, “गुरुजी, हा आकडा गोळीचा आहे. गोळी सोडली की महिन्याच्या आत तो जुन्या जागी जाईल. सांध्यातले साठे पूर्ण जायला वर्षं लागतात. आणि कधी काही कारणानं बरेच दिवस खंड पडलाच, तर पुन्हा तीनशेनं सुरू करायची नाही. आधी बाईंना विचारायचं. बहुधा त्या परत खालूनच चढवायला सांगतील, आणि सोबत बारीक गोळीही परत येईल.”

त्यांनी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला आणि ३०० च्या तीन पट्ट्या मागितल्या, न कापता.